शेजारच्या गुऱ्हाळालाही चालेल अशी ओळ तुमची नाही

गेल्या वर्षभरात कोल्हापुरातल्या छोट्या धंदेवाल्यांचं जे लिखाण माझ्याकडे दुरुस्तीला येतंय ना, लेबल, वेबसाइट, व्हॉट्सअॅप कॅटलॉग, ते सगळं एकाच माणसाने बसून लिहिल्यासारखं वाटतंय. चपला असोत, मसाला असो, दुधाची डेअरी असो, सगळीकडे "परंपरा", "विश्वास", "गुणवत्तेशी तडजोड नाही". एआयकडून लिहून घेतात त्याला माझा विरोध नाही, गुऱ्हाळ चालवणाऱ्या माणसाने रात्री बसून निबंध लिहावा अशी अपेक्षाच चुकीची आहे. पण तो मसुदा तसाच छापायला देतात याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण त्या माणसाकडे सांगण्यासारखं भरपूर असतं आणि नेमकं तेच कागदावर नसतं.

एक उदाहरण सविस्तर सांगतो. करवीर तालुक्यातले एक अण्णा, स्वतःचं गुऱ्हाळ, पोरगा आता पुण्या-मुंबईला एक किलोच्या भेल्या कुरिअरने पाठवतोय. त्याने एआयकडून लिहून घेतलेला मजकूर असा होता:

"आमचा गूळ म्हणजे केवळ गोडवा नव्हे, तर परंपरेचा वारसा. कोल्हापूरच्या सुपीक मातीत पिकलेल्या निवडक उसापासून, अनुभवी कारागिरांच्या हातून, पारंपरिक पद्धतीने तयार केलेला शंभर टक्के शुद्ध, नैसर्गिक आणि केमिकलमुक्त गूळ. आजच ऑर्डर करा आणि आरोग्यदायी जीवनशैलीकडे पाऊल टाका."

व्याकरणाची एक चूक नाही. पण मी अशा वेळी एकच गोष्ट बघतो, हीच ओळ शेजारच्या गुऱ्हाळाच्या पुड्यावर चिकटवली तर खोटी ठरेल का? नाही ठरत? मग ती ओळ अण्णांची नाहीच. वरच्या मजकुराला ही कसोटी लावा, एक वाक्य उरत नाही.

आता पोराने काय केलं, त्या एआयला परत सांगितलं की जरा माणसाने लिहिल्यासारखं कर, कोल्हापुरी टच दे. मग काय, पंचगंगेचं पाणी आलं, अंबाबाईचा आशीर्वाद आला, रांगडी माती आली, आणि वर "आजीच्या हातची चव" पण आली. अहो ते गुऱ्हाळ अण्णांच्या वडिलांनी घातलं, आजीचा काही संबंधच नाही! ही दुसरी पायरी पहिलीपेक्षा वाईट, कारण पहिला मसुदा नुसता पोकळ होता, हा खोटा झाला. आणि पंचगंगा म्हणाल तर ती सगळ्या तालुक्याची आहे, गावाचं नाव घातलं म्हणजे तपशील झाला असं होत नाही. मसुद्यात जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, पण घातलं होतं, त्याचंही तसंच. कोल्हापूरच्या गुळाला 2014 साली जीआय मिळालं, ते सगळ्या भागाचं मानांकन आहे, आणि पुड्यावर ते वापरायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःची नोंदणी लागते. अण्णांची नाही, त्यामुळे ते काढलं.

मग खरा तपशील मिळवायचा कसा? इथे बहुतेक जण चुकतात. मालकाला विचारतात, तुमची खासियत काय? असं विचारलं की चांगला बोलणारा माणूससुद्धा पुढाऱ्यासारखा बोलायला लागतो. अण्णा पण म्हणाले, "आमचा माल एक नंबर, क्वालिटीत कॉम्प्रमाइज नाही." म्हणजे मशीनने लिहिलं तेच. त्यामुळे मी खासियत कधीच विचारत नाही, तक्रारी विचारतो. गिऱ्हाईक फोन करून काय कुरकुर करतं? परत काय आलं? कुठला माल तुम्ही घ्यायला नाही म्हणता? आणि पोराचं व्हॉट्सअॅप उघडून त्याने गिऱ्हाइकांना जी उत्तरं टाइप केलीत ती वाचायला मागतो. धंद्याचं खरं लिखाण तिथे पडलेलं असतं, कुणी त्याला लिखाण म्हणत नाही एवढंच.

तर पोराच्या व्हॉट्सअॅपवर सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न होता, तुमचा गूळ काळपट का? दुकानात तर पिवळा मिळतो. अण्णांना विचारलं तर ते एकदम मोकळे झाले. "पिवळाधमक करायचा तर हायड्रॉस मारावं लागतंय, आम्ही नाही मारत, मग रंग असाच येणार की. आणि सगळी आदणं सारखी कशी येतील? रान वेगळं, ऊस वेगळा, जाळ वेगळा." हायड्रॉस म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट, रंग उजळ दिसावा म्हणून काही ठिकाणी टाकतात ती पावडर. आणि आदण म्हणजे एका काहिलीत एका वेळी होणारा गूळ. मी विचारलं, मग रस साफ कशाने करता? तर रानभेंडीची खोडं ठेचून पाण्यात कालवतात, ते बुळबुळीत पाणी रसात गेलं की घाण त्याला चिकटून वर येते, तीच मळी, झाऱ्याने काढून टाकायची. आणि थोडा चुना.

थांबा, चुना? मग "केमिकलमुक्त" कसं? अण्णा म्हणाले, "चुना तर घालायलाच लागतोय, रसाचा आंबटपणा मारायला. त्याशिवाय गूळ धरत नाही नीट." बघा, मसुद्यातला सगळ्यात ठळक दावाच उभा राहत नव्हता! उद्या एखादं चौकस गिऱ्हाईक गुऱ्हाळ बघायला आलं आणि चुन्याचं डबडं दिसलं की संपलं. आणि हा तर पोकळ शब्दांचा खरा धोका आहे, ते इतके गुळगुळीत असतात की खरे आहेत का हे तपासायचं मालकाच्याही डोक्यात येत नाही. नेमकं लिहायला बसलं की आपोआप तपासलं जातं.

"सेंद्रिय" शब्द पण एका कोपऱ्यात होता, तो तर मी लगेच काढायला लावला, कारण एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 2017 च्या नियमांप्रमाणे तसं छापून विकायला साधारणपणे एनपीओपी किंवा पीजीएस-इंडिया या सेंद्रिय योजनांचं प्रमाणपत्र लागतं, आणि अण्णा लागवडीला युरिया टाकतात, ते स्वतःच सांगतात.

"निवडक ऊस" या दोन शब्दांवर आम्ही बराच वेळ होतो. निवडक म्हणजे नेमकं काय निवडता? पहिल्यांदा म्हणाले चांगला ऊस. मग विचारलं, कुठला ऊस परत पाठवता? तेव्हा बाहेर आलं. तोडून दोन-तीन दिवस फडात पडलेला ऊस घेत नाहीत. कारण ऊस तोडला की त्यातली साखर फुटायला लागते, आणि अशा रसाचा गूळ मऊ पडतो, रवा धरत नाही. आणि खारवट जमिनीतला ऊस नको, गूळ खारट लागतो. आता "निवडक" याच्या जागी "आज तोडलेला ऊस उद्या सकाळी घाण्यावर" एवढं लिहिलं की वाचणाऱ्याला कळतं निवड म्हणजे काय, आणि विशेष म्हणजे हे त्याला धरून विचारता येतं.

"अनुभवी कारागीर" पण असंच. गुळव्या काय करतो ते मी उभं राहून बघितलं. पाक होत आला की तो जरा पाक काढून थंड पाण्यात टाकतो आणि बोटांनी गोळी वळून बघतो, गोळी कडक वळली की काहील उतरवायची. थर्मामीटर नाही. हे मला इतकं आवडलं की पहिल्या झटक्यात मी ते सगळं घेतलं होतं, पण शेवटी मजकुरात एक ओळच ठेवली. कारण तपशील खरा आहे आणि फक्त इथलाच आहे एवढ्यावर भागत नाही, विकत घेणाऱ्याचं त्यात काय, हेही बघावं लागतं. गोळीची परीक्षा प्रत्येक जुन्या गुऱ्हाळात होते, आणि पुण्यातल्या गिऱ्हाइकाचा प्रश्न रंगाचा आहे, पाकाचा नाही. चुलवाणात चिपाडाचा जाळ असतो, ते तर पूर्ण गाळलं.

शेवटी झालेला मजकूर असा:

"ऊस आमच्या रानातला आणि भावकीतला. आज तोडला की उद्या सकाळी घाण्यावर, शिळा ऊस आम्ही घेत नाही. रस साफ करायला रानभेंडीचं पाणी आणि गरजेपुरता चुना. हायड्रॉस टाकत नाही, म्हणून रंग पिवळाधमक नसतो, तांबूस असतो, आणि दर आदणाला थोडा वेगळा येतो. पाक झाला की नाही ते गुळव्या पाण्यात गोळी वळून ठरवतो. पावसाळ्यात गूळ हवेतलं पाणी ओढून पाझरतो, तो खराब झालेला नसतो; कोरड्या डब्यात घट्ट झाकून ठेवा. गुऱ्हाळ दिवाळीनंतर सुरू होतं आणि उन्हाळ्यात बंद. त्यानंतर मिळेल तो साठवणीतला गूळ."

यात एकही विशेषण कौतुकाचं नाही हे बघा. पाझरण्याची ओळ पण तक्रारीतूनच आली, दर जुलैत कुणीतरी फोटो पाठवून पैसे परत मागतं, त्याला पोरगा जे उत्तर टाइप करायचा तेच उचललं. पोराला सुरुवातीला हे पटत नव्हतं, म्हणाला दादा आपणच आपल्या मालाची उणीव कशाला छापायची. माझं म्हणणं ठाम आहे, जी गोष्ट गिऱ्हाइकाला घरी गेल्यावर कळणारच आहे ती तुमच्याकडून आधी कळली तर ती माहिती असते, नंतर कळली तर ती फसवणूक वाटते. अण्णांच्या घरच्या काकूंना "शुद्ध" हा शब्द हवाच होता, लेबलवर शुद्ध नाही तर लोक काय म्हणतील. मी म्हटलं ठेवू, पण एकदाच आणि नावाला लागून. त्यांच्या समाधानासाठी तेवढं चालतं.

आणि एक काम लोक विसरतात म्हणून सांगतो. पोकळ वाक्य कधी शिळं होत नाही, खरा तपशील होतो. पुढच्या हंगामात भावकीने ऊस कारखान्याला घातला तर पहिली ओळ खोटी पडणार. म्हणून लेबलवर फक्त रंग, चुना आणि साठवणीच्या ओळी छापल्यात, त्या बदलायच्या नाहीत. उसाची ओळ वेबसाइटवर आणि व्हॉट्सअॅपवर आहे, आणि दिवाळीत घाणा सुरू करायच्या आधी अण्णांसमोर मोठ्याने वाचून ती बरोबर आहे का विचारायचं, हे पोराने कबूल केलंय.