शेजारी मोजता मोजता

प्रॅक्टिकलच्या यादीत ‘गेम ऑफ लाइफ’ आलं की माझ्या पोटात गोळा येतो. प्रयोग अवघड आहे म्हणून नव्हे. चुकलेला प्रोग्रॅमसुद्धा पडद्यावर इतका गोड दिसतो म्हणून. सॉर्टिंग चुकलं की आकडे उलटेसुलटे दिसतात आणि कार्टं आपणहून खाली बघतं. इथे ग्रिडमध्ये वाटेल तसे ठिपके भरायचे आणि रन करायचं की सगळं वळवळायला लागतं. चुकीचं वळवळतंय की बरोबर, हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. आणि शेजारी उभा मुलगा नवजात बाळ दाखवावं तसा म्हणतो, “सर, बघा ना, किती जिवंत वाटतंय!”

नियम तसे दोनच. चौकोनी पटावर प्रत्येक घरात जीव असतो किंवा नसतो. प्रत्येक घराला आजूबाजूची नि कोपऱ्यांवरची मिळून आठ शेजारघरं. जीव असेल आणि शेजारी 2 किंवा 3 असतील तर तो पुढच्या पिढीत जगतो, नाहीतर मरतो. घर रिकामं असेल आणि शेजारी बरोबर 3 असतील तर तिथे नवा जीव जन्मतो. एवढंच. जॉन कॉनवे या गणितज्ञाने हे ठरवलं आणि निवांत झाला. जर्नलवर सह्या करायला मी उरलो.

तर माझा पहिला नियम असा, की ते वळवळतं दृश्य बंद करायचं आणि ब्लिंकर टाकायचा. 5×5 चा पट, मधल्या ओळीत तीन जीव, बाकी सामसूम.

```
. . . . .
. . . . .
. # # # .
. . . . .
. . . . .
```

पुढच्या पिढीत हे तिघे उभे राहायला हवेत, त्याच्या पुढच्या पिढीत पुन्हा आडवे, आणि असंच अखंड. परवा एकीने एंटर दाबलं आणि हे आलं:

```
. . . . .
. . # # .
. # . # .
. . . . .
. . . . .
```

मी काही बोलायच्या आत तिने पुन्हा एंटर दाबलं.

```
. . . . .
. . # # .
. . # # .
. . . . .
. . . . .
```

मग कितीही एंटर दाबा, चित्र हलेना. “सर, हा ब्लॉक आहे,” ती म्हणाली. “स्थिर आकृती. पुस्तकात दिलाय.” दिलाय हे खरंच आहे. ब्लॉकमधल्या प्रत्येकाला तीन शेजारी, त्यामुळे तो जन्मभर तसाच बसतो. प्रश्न एवढाच, की ब्लिंकरचा ब्लॉक व्हायचं काही कारण नव्हतं.

झालं होतं असं. ती वरून खाली, डावीकडून उजवीकडे घरं तपासत होती आणि निकाल लागेल तसा त्याच पटावर लिहीत होती. ओळी नि रकाने 0 पासून मोजा. ओळ 1, रकाना 2 या घराला खालचे तीन शेजारी मिळाले, जन्म झाला, इथवर ठीक. मग ती सरकली उजवीकडच्या घरावर, रकाना 3 वर. त्याला खरे शेजारी दोनच. पण आत्ताच जन्मलेलं पोर शेजारी बसलेलं! त्यालाही मोजलं, झाले तीन, आणि इथेही जन्म. खालच्या ओळीत तोच प्रकार. डावीकडचा जीव एकट्या शेजाऱ्यामुळे मरायचा होता, तो डोक्यावरच्या नवजाताच्या जिवावर तगला. मधल्याला दोन बाजूंचे आणि वरची दोन पोरं असे चार शेजारी झाले, तो गर्दीने गेला. एका पिढीचे आजोबा आणि पुढच्या पिढीचा नातू एकाच मतदारयादीत घालून मतमोजणी चालली होती.

“पण मी दोन ग्रिड घेतल्यात सर,” ती म्हणाली आणि ओळ दाखवली:

```python
new = grid
```

पायथनमध्ये याने दुसरा पट तयार होत नाही, पहिल्याच पटाला दुसरं नाव मिळतं. `grid[:]` लिहिलं तरी बाहेरची यादी तेवढी नवी होते, आतल्या ओळी जुन्याच राहतात. `[row[:] for row in grid]` असं ओळीगणिक कॉपी केलं तेव्हा ब्लिंकर शहाण्यासारखा उभा राहिला.

यातली गंमत ही, की कॉम्प्युटर हाताशी नसतानाही लोकांनी ही चूक टाळली होती. ऑक्टोबर 1970 मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात हा खेळ जगापुढे मांडला, तेव्हा तो सोंगट्यांनी पटावर खेळायचा होता. पद्धत अशी: जे मरणार त्यांच्या डोक्यावर आणखी एक सोंगटी ठेवा, जिथे जन्म होणार तिथे वेगळ्या रंगाची ठेवा, सगळं नीट तपासा, आणि मगच मेलेले उचला नि नव्यांचा रंग बदला. म्हणजे आधी सगळ्यांचा निकाल, मग सगळ्यांची अंमलबजावणी. हे मी बॅचला मोठ्या उत्साहाने सांगितलं. मागच्या बाकावरून प्रश्न आला, “सर, सोंगट्या चालतील का सबमिशनला?”

ब्लिंकर मधोमध ठेवून तपासला की कडांचं पितळ मात्र झाकलेलंच राहतं. आमच्या प्रयोगात पट गुंडाळलेला असतो. उजव्या कडेने बाहेर पडलात की डावीकडून आत, खालून गेलात की वरून हजर. म्हणून मी दुसरा ब्लिंकर मुद्दाम कडेवर बसवतो. 8×8 च्या पटावर ओळ 3, आणि रकाने 7, 0, 1. दिसायला एक जीव उजव्या टोकाला नि दोन डाव्या टोकाला, पण गुंडाळल्यावर तिघे सख्खे शेजारी. पुढच्या पिढीत रकाना 0 मध्ये ओळ 2, 3 आणि 4 अशी उभी रांग दिसायला हवी.

सी मध्ये लिहिणाऱ्या एका गड्याकडे ओळ 3 आणि 4 मध्येच जीव दिसले, ओळ 2 रिकामी. पुढच्या एंटरला पट साफ. तिनाचे दोन, दोनाचे शून्य. “सर, नैसर्गिक मृत्यू,” तो म्हणाला.

मृत्यू नैसर्गिक नव्हता, घातपात होता. ओळींच्या कडांसाठी त्याने `if` लावून काम भागवलं होतं, पण रकान्यांसाठी भरवसा ठेवला `(j - 1) % N` वर. `j` शून्य असला की सी मध्ये `-1 % 8` चं उत्तर 7 येत नाही, -1 च येतं. मग `g[3][-1]` वाचलं जातं. नियमाप्रमाणे पाहिलं तर असं वाचल्यावर काहीही होऊ शकतं. त्या दिवशी कॉम्प्युटरने जे केलं ते फार सभ्यपणे केलं. मेमरीत ओळी एकापुढे एक मांडलेल्या असतात, तेव्हा ओळ 3 च्या एक पाऊल मागे असतं ओळ 2 चं शेवटचं घर. म्हणजे डावीकडचा शेजारी विचारला की पत्ता मिळायचा एक मजला वरचा. ओळ 2 च्या घराला आपला तिसरा शेजारी सापडलाच नाही, म्हणून तिथे जन्म नाही. ओळ 4 च्या घराला तो चुकीच्या पत्त्यावर का होईना पण भेटला, म्हणून तिथे झाला. एरर नाही, वॉर्निंग नाही, प्रोग्रॅम शांतपणे चालू.

उपाय एका अधिक चिन्हाचा:

```c
int ni = (i + di + N) % N;
int nj = (j + dj + N) % N;
```

पायथनवाल्यांनी यावर हसून घेतलं, कारण त्यांच्याकडे `-1 % 8` सरळ 7 देतं. एक जण तर `%` लावतच नव्हता. `grid[-1]` म्हणजे शेवटची ओळ हे पायथनच पुरवतं, त्यामुळे डावी नि वरची कड त्याला फुकट मिळाली होती. उजव्या कडेला पोचल्यावर `list index out of range` आलं तेव्हा हसणं थांबलं.

कडेचे ब्लिंकर दोन्ही दिशांनी नीट वागले की शेवटी ग्लायडर सोडायचा. हा पाच जिवांचा प्राणी दर चार पिढ्यांनी एक घर तिरका सरकतो. 8×8 च्या गुंडाळलेल्या पटावर 32 पिढ्यांनी तो जिथून निघाला तिथेच, त्याच अवतारात परतला पाहिजे. परतला की मी सही करतो. पट गुंडाळलेलाच नसेल तर तो कोपऱ्यात धडकून ब्लॉक होऊन बसतो, आणि मग मला पुन्हा ऐकावं लागतं की ब्लॉक पुस्तकात दिलाय.

खरी परीक्षा मात्र बरोबर प्रोग्रॅमवाल्यांनी घेतली. एका शांत मुलीचा कोड मी वाचला, निर्दोष. तिने तपासायला पट घेतला होता 3×3 चा, “छोटा असला की हाताने पडताळता येतो” म्हणून. त्यात ब्लिंकर टाकला. पहिल्या पिढीत सगळीच्या सगळी नऊ घरं भरली. दुसऱ्या पिढीत सगळी रिकामी. बिचारीने तासभर त्या निर्दोष कोडमध्ये चुका शोधल्या आणि न सापडल्याने दोन घातल्या. गुंडाळलेल्या 3×3 वर प्रत्येक घर हे बाकीच्या आठही घरांचं शेजारी असतं. तिघा जिवांना प्रत्येकी दोन शेजारी, म्हणून तिघे जगले. सहा रिकाम्या घरांना प्रत्येकी तीन, म्हणून सगळीकडे पाळणे हलले. मग प्रत्येकाला आठ शेजारी आणि सरसकट मरण. प्रोग्रॅम बरोबरच होता, पट कमी पडत होता. 4×4 घेतला की ब्लिंकर नीट उभा-आडवा होतो. मी तिला तिच्या दोन चुका काढायला लावल्या.

हे ऐकून मागच्या बाकावरचा सोंगटीवाला जागा झाला. “मग सर, 1×1 घेतला तर?”

घ्यायला नको होता, पण बॅचने घेतला. एकच घर, त्यात एकच जीव. पहिल्या मुलाच्या प्रोग्रॅममध्ये `di` आणि `dj` दोन्ही शून्य असतील तेवढंच गाळलं होतं. उरलेल्या आठही दिशांना गुंडाळून गेलं की तोच जीव भेटतो, म्हणून त्याला आठ शेजारी, आणि तो गर्दीने मेला. दुसऱ्या मुलीने `ni == i && nj == j` आलं की सोडून द्यायचं असं लिहिलं होतं. तिच्याकडे आठही वेळा स्वतःच भेटल्यामुळे शेजारी शून्य, आणि तो एकटेपणाने मेला. पडद्यावर दोघांकडे एकच रिकामं घर. दोघांनाही खात्री, की दुसऱ्याचं चुकलंय. निम्मी बॅच गर्दीच्या बाजूने, निम्मी एकटेपणाच्या बाजूने, आणि आवाज एवढा की शेजारच्या लॅबमधून माणूस बघायला आला. मी दोघांच्या जर्नलवर सह्या केल्या. मृत्यूचं कारण लिहायला जर्नलमध्ये रकाना नाही.