घरच्या टेबलावर भरलेला परफ्यूम: एका प्रतिक्रियेला उत्तर

"ताई, डिकॅन्टच्या प्रामाणिक धंद्यावर उपदेश छान झाडलात. पण घरच्या टेबलावर सिरिंजने काढलेला परफ्यूम स्वच्छ कसा? 7,000 च्या 100 मिलीतले 5 मिली 450 ला विकता, हा प्रामाणिकपणा? आणि मूळ बाटली खरी होती हे गिऱ्हाईकाने कशावरून मानायचं?"

दादा, प्रश्न विचारणं हा तुमचा हक्क आहे. पण "उपदेश झाडलात" हे मला लागलं. रात्री मुलं झोपल्यावर टेबल पुसून मी एकेक बाटली भरते, आणि जे करते तेच डिकॅन्टवरच्या, म्हणजे मोठ्या बाटलीतला परफ्यूम छोट्या बाटल्यांत भरून विकण्यावरच्या, माझ्या लेखात लिहिलंय. शंका सरळ विचारली असतीत तर उत्तरही सरळ मिळालं असतं.

"घरच्या टेबलावर" हे शब्द तुम्ही ज्या सुरात लिहिलेत, त्याबद्दल आधी बोलते. हा धंदा सुरू करण्यापूर्वी मी 9 वर्षं एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ होते. सिरिंज कशी हाताळायची हे मला शिकवायची गरज नाही. शिवाय स्प्रेच्या परफ्यूममध्ये बहुतांश अल्कोहोलच असतं, त्यात जंतू वाढत नाहीत. खरी भीती दोन गोष्टींची असते, एका वासात दुसरा मिसळण्याची आणि पाण्याची. तुमच्या प्रतिक्रियेत यांतली एकही नाही.

पहिली चूक मी स्वतः केली आहे. सुरुवातीला ऊदचा परफ्यूम काढलेली सिरिंज आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन मी लिंबाच्या वासाच्या परफ्यूमला वापरली. नाशिकच्या एका गिऱ्हाईकाचा मेसेज आला, "ताई, अर्ध्या तासाने याला धुरासारखा वास येतोय." त्यांचं बरोबर होतं. सिरिंजच्या दट्ट्याचं रबर वास धरून ठेवतं आणि धुण्याने तो जात नाही. मी पैसे परत केले आणि त्या सिरिंजने भरलेल्या बाकीच्या 6 बाटल्या ओतून दिल्या. तेव्हापासून एका परफ्यूमला एकच सिरिंज, तिच्यावर नावाची चिकटपट्टी, आणि बाटली संपली की सिरिंज कचऱ्यात.

तीही फक्त फिरकीच्या तोंडाच्या बाटल्यांना लागते. बहुतेक बाटल्यांचा पंप काचेवर दाबून बसवलेला असतो, तो उघडतच नाही. तिथे वरचं बटण काढून दांडीवर बारीक नळी बसवते आणि थेट छोट्या बाटलीत पंप करते. एका दाबात साधारण 0.1 मिली येतं, म्हणजे 5 मिलीला पन्नासेक दाब. अंगठा दुखतो, पण परफ्यूमला बाहेरची हवा कमी लागते.

पाण्याचं म्हणाल, तर नवी बाटली पाण्याने धुऊन ओली राहिली की परफ्यूम दुधासारखा गढूळ होऊ शकतो, कारण पाण्यामुळे सुगंधी तेलं अल्कोहोलमधून सुटतात. म्हणून मी आयसोप्रोपिलने खळबळते आणि उघडी उलटी ठेवून रात्रभर वाळवते. सकाळी कागदाच्या पट्टीवर रिकामा स्प्रे मारून हुंगते. औषधी वास आला तर आणखी एक दिवस तशीच. मानेपर्यंत कधी भरत नाही, मे महिन्यात पार्सल तापलं की द्रव फुगतो आणि बाटली गळते.

भावाबद्दल फार बोलत नाही. 100 मिलीतून हातात 95 येतात, म्हणजे 19 बाटल्यांचे 8,550. त्यातून मूळ 7,000 आणि रिकाम्या बाटल्यांचे 475 वजा करा. ही लूट वाटत असेल तर पूर्ण बाटली घ्या, मी अडवलेलं नाही.

बाटली खरी कशावरून? मी अधिकृत काउंटरवरूनच घेते आणि बिल जपून ठेवते. अर्धी वापरलेली बाटली कितीही स्वस्त मिळाली तरी घेत नाही, कारण तिच्यात आधी कुणी काय घातलंय हे कळायला मार्ग नाही. खोका आणि बाटलीवरचा बॅच कोड जुळतो का तेही पाहते, पण नुसता कोड पुरावा नव्हे, नकली माल करणारे खरे कोडही छापतात. म्हणून बिलाचा फोटो आणि भरतानाचा व्हिडिओ मागणाऱ्या प्रत्येकाला देते. तुम्ही मागितला नाहीत, थेट आरोप केलात.

लेबलवर परफ्यूमचं नाव, ईडीपी की ईडीटी म्हणजे सुगंधी तेल जास्त की कमी, मिली, बॅच कोड, भरल्याची तारीख, माझं नाव आणि नंबर असतो. खाली ठळक लिहिते, "मूळ कंपनीने भरलेलं नाही, मी भरलं आहे." कंपनीचा लोगो लावत नाही. शाई अल्कोहोलने पसरते, म्हणून वरून पारदर्शक टेप.

एक मात्र मान्य करते. तुमच्या शेवटच्या प्रश्नामुळे लक्षात आलं की 3 मिलीच्या बाटलीवर जागा नाही म्हणून मी बॅच कोड फक्त मेसेजमध्ये कळवत होते. बाटली दुसऱ्याच्या हातात गेली की तो मेसेज सोबत जात नाही. आजपासून कोड लिहिलेली छोटी चिठ्ठी बाटलीच्या गळ्यात दोऱ्याने बांधते आहे, आणि ज्यांना आधी 3 मिली पाठवलंय त्यांनी पत्ता कळवला तर चिठ्ठी माझ्या खर्चाने येईल.