सगळी मापं एका शून्यापासून दिली तरी टॉलरन्स साठतोच

"चेन डायमेन्शन म्हणजे अडाणीपणा. सगळी मापं एका कोपऱ्यात शून्य धरून ऑर्डिनेटनं द्या, टॉलरन्स साठतच नाही. ऑर्डिनेट बेसलाइनपेक्षाही अचूक. आणि व्हीएमसी असली की ड्रॉइंग कसंही असू दे, मशीन सांभाळून घेतं."

हा फॉरवर्ड कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगाव एमआयडीसीच्या ग्रुपांवर फिरत फिरत आमच्या भाचीच्या ड्राफ्ट्समनच्या बॅचपर्यंत पोचला. तिनं नीट काढलेलं ड्रॉइंग त्यापायी बदललं, म्हणून हे लिहितोय.

साठण्याचा मुद्दा सगळ्यात घातक, त्यामुळं आधी तोच. एक प्लेट घ्या. एका ओळीत सहा भोकं, पहिलं कडेपासून २० मिमीवर, पुढं प्रत्येक ४० मिमीवर. सगळ्या मापांना टॉलरन्स, म्हणजे चालणारी सूट, ±०.१. चेननं, म्हणजे प्रत्येक भोकाचं माप आधीच्या भोकापासून, दिलं तर पहिल्या आणि सहाव्या भोकातलं अंतर पाच मापांतून बनतं, म्हणजे ±०.५ पर्यंत हलू शकतं. ऑर्डिनेटनं दिलं तर ते ±०.२ वर येतं. इथपर्यंत फॉरवर्डवाल्याचं बरोबर आहे, तेवढं मान्य करावंच लागेल.

आता तिसरं आणि चौथं भोक बघा. चेनमध्ये त्यांच्यातलं अंतर सरळ ४० ±०.१. ऑर्डिनेटमध्ये ती भोकं १०० आणि १४० वर येतात. तिसरं १००.१ वर पडलं आणि चौथं १३९.९ वर, तर दोन्ही भोकं पास, पण मधलं अंतर ३९.८. शेजारच्या भोकांची सूट दुप्पट झाली. एएसएमई वाय१४.५ या ड्रॉइंगच्या मानकात नियम स्वच्छ दिलाय: चेनमध्ये दोन फीचरमधल्या सगळ्या मापांचे टॉलरन्स बेरजेत येतात, बेसलाइनमध्ये, म्हणजे ऑर्डिनेटसारखंच शून्यापासून दिलं तर, त्या दोन मापांचे. म्हणजे साठतं दोन्हीकडं. कुठं साठतं, एवढाच फरक.

त्याच दोन भोकांवर एम८ स्टडचं बेअरिंग हाउसिंग बसतंय असं धरा. भोक ८.४, स्टड ८, म्हणजे दोन्ही भोकं मिळून अंतरातला ०.४ पर्यंतचा फरक पचतो. हाउसिंगच्या स्टडचं अंतर ±०.२ आहे. चेनच्या ड्रॉइंगवर वाईटात वाईट ०.१ अधिक ०.२, म्हणजे ०.३, हाउसिंग बसतं. ऑर्डिनेटवर ०.२ अधिक ०.२, काठावर.

खरा घोटाळा पुढं आहे. आपल्याकडं बऱ्याच ड्रॉइंगवर मापाला टॉलरन्स लिहिलेला नसतो, टायटल ब्लॉकमध्ये 'आयएसओ २७६८-एम' एवढंच असतं. त्यात ३० ते १२० मिमीच्या मापाला ±०.३ आणि १२० च्या वर ४०० पर्यंत ±०.५ मिळतो. माप लांबलं की सूट वाढते. त्यामुळं १०० ला ±०.३, १४० ला ±०.५, आणि मधल्या ४० ला ±०.८! तेच ४० सरळ लिहिलं असतं तर ±०.३ मिळाला असता. हाउसिंगला तोही जास्तच होतो. म्हणून तिसऱ्या भोकापासून चौथ्याला थेट ४० ±०.१ लिहायचं आणि चौथ्याचं शून्यापासूनचं १४० काढून टाकायचं. बाकीची भोकं ऑर्डिनेटवर राहू देत.

हा दोष हाइट गेजवर दिसत नाही, कारण तिथं प्रत्येक भोक शून्यापासूनच मोजलं जातं. दोन्ही भोकांत घट्ट बसणाऱ्या सारख्या पिना घाला, बाहेरून बाहेर माप घ्या आणि एका पिनेचा व्यास वजा करा. अंतर लगेच कळतं.

बेसलाइनपेक्षा ऑर्डिनेट अचूक म्हणणं तर निव्वळ चूक. दोन्हींत माप शून्यापासूनच असतं. ऑर्डिनेटमध्ये बाणांच्या रेघा जातात, ड्रॉइंग मोकळं होतं आणि ऑपरेटरला प्रोग्रॅममधल्या G90 साठी लागणारे शून्यापासूनचे आकडे आयते मिळतात. टॉलरन्सचं गणित तसूभरही बदलत नाही.

पण शून्य कुठं धरलं याला महत्त्व आहे. कास्टिंगची कच्ची कड शून्य धरली, तर ती सरफेस प्लेटवर प्रत्येक वेळी वेगळी बसते आणि सगळी मापं एकदम सरकतात. मशीन केलेला फेस किंवा बोअर शून्य धरा.

व्हीएमसीचं, म्हणजे प्रोग्रॅमवर चालणाऱ्या मशीनचं, म्हणणं अर्धं खरं आहे. G90 मध्ये मशीन दर भोकाला शून्यापासून जातं, चूक पुढं ढकलत नाही. पण पार्ट पास की रिजेक्ट हे ड्रॉइंग ठरवतं. चेनच्या ड्रॉइंगवर पाचही अंतरं ४०.१ निघाली तर तो पार्ट पास आहे, तुमच्या जोडणीत बसो वा न बसो. तेच काम उद्यमनगरात रेडियल ड्रिलवर एका भोकावरून पुढचं मार्क करत गेलं, तर चूक खरोखरच साठत जाते.

भाचीच्या जुन्या ड्रॉइंगमध्ये हाउसिंगच्या दोन भोकांतलं माप थेट होतं. ते तसंच परत घालायला सांगितलंय.