आर, ई, सी, ई, एस, एस

भाची इंजिनीअरिंगला आली आणि आमच्या नागपूरच्या धरमपेठेतल्या घरी राहू लागली. रविवारी तिने टाइमटेबलचा फोटो पाठवला, "मामा, कॅलेंडरमध्ये टाकून द्या ना जी. दहा मिनिटांचं काम."

फोटो नोटीसबोर्डाच्या काचेतून काढलेला होता. गुरुवारच्या ११:१५ ते १२:१५वर ट्यूबलाइट पडली होती. तेवढं मैत्रिणीकडून विचारून घेतलं. बाकीची अक्षरं फोटोतून उचलून शीटमध्ये चिकटवली. झालं की काम! मग नीट पाहिलं.

सोमवारी १२:१५ला 'आर' विषय. मंगळवारी 'ई'. बुधवारी 'सी'. नवा अभ्यासक्रम असेल म्हटलं. शनिवारपर्यंत पोचलो तेव्हा उजेड पडला. सहा दिवसांच्या उभ्या पट्टीत एकेक अक्षर करून 'रिसेस' लिहिलं होतं, आणि मी मधल्या सुट्टीचे सहा तास भरवत होतो.

मंगळवार तर बेरकी निघाला. १:१५ ते ३:१५ प्रॅक्टिकल, म्हणजे दोन चौकोन मिळून एकच. उचलताना तो एकाच चौकोनात बसला आणि पुढचं ३:१५चं गणित, वर्ग २०४, गुपचूप २:१५ला सरकलं. बाकी सगळ्या ओळी सहा चौकोनांच्या, ही एकटी पाचांची, शेवटचा रिकामा. तो रिकामा दिसला नसता, तर पोरगी लॅब सोडून गणिताला जाऊन बसली असती. त्याच चौकोनात बी१, बी२, बी३ अशा तीन तुकड्या तीन लॅबमध्ये कोंबलेल्या. ती बी२, म्हणून फिजिक्स लॅब १०८ ठेवली, बाकी दोन उडवल्या.

दर आठवड्याला तेच तास पुन्हा यावेत म्हणून साधी शीट चालत नाही, `.ics` फाइल लागते. ती लिहिली, कॉम्प्युटरवरून कॅलेंडरात घेतली, मलाही सूचना यावी असं करून ठेवलं आणि सोमवारी रात्री समाधानाने झोपलो.

रात्री एक वाजून पाच मिनिटांनी फोन ओरडला. फिजिक्स लॅब, दहा मिनिटांत! त्या वेळी बर्डीचा बाजारसुद्धा झोपलेला असतो. बायको म्हणाली, "काऊन, तुमचाच तास आहे का?"

बोर्डावर नुसतं १:१५ होतं. मीही तसंच लिहिलं होतं. फाइलला दुपार कशी कळणार? तिला चोवीस तासांचं घड्याळ लागतं. तिथेच बसून दुरुस्त केलं:

```
DTSTART;TZID=Asia/Kolkata:20250805T131500
DTEND;TZID=Asia/Kolkata:20250805T151500
RRULE:FREQ=WEEKLY;BYDAY=TU;COUNT=16
SUMMARY:फिजिक्स प्रॅक्टिकल (बी२)
LOCATION:लॅब १०८
```

पहिली तारीख मात्र खरोखर मंगळवारचीच हवी, नाहीतर पहिला तास भलत्याच दिवशी येऊन बसतो. आधीच्या चुकीच्या नोंदी एकेक करून पुसल्या, नाहीतर रात्रीचं फिजिक्सही चालूच राहिलं असतं.

सकाळी तर्री-पोहे खाता खाता भाचीने कॅलेंडर उघडलं. "मामा, शुक्रवारी आणि शनिवारी हा 'एस' कोणता विषय?"

पुसायला हात पुढे केला, तर तिने फोन मागे घेतला.

"राहू द्या. डबा खायचा तास आहे, कोणी विचारलं तर दाखवता येईल."