मुतखड्याची कळ आणि पाण्याचा मारा

«मुतखड्याची कळ उठली की लगेच तीन-चार लिटर पाणी नाहीतर दोन बाटल्या बियर प्या. जोरानं खडा वाहून जातो. कळ थांबली, लघवीतलं रक्त गेलं, की खडा पडला समजा. दवाखान्यात जायची गरज नाही.»

असा सल्ला सर्रास दिला जातो, पण तो चुकीचा आहे. आधी ही कळ कशानं येते ते पाहू. मूत्रपिंडातून लघवी खाली आणणारी मूत्रवाहिनी सुमारे 25 सेंटिमीटर लांब आणि आतून जेमतेम 3-4 मिलिमीटर रुंद असते. खडा तिच्यात अडकला की वर लघवी तुंबते, मूत्रपिंड ताणलं जातं आणि नळी खडा ढकलायला आवळत राहते. म्हणून कळ लाटेसारखी येते आणि माणूस एका कुशीवर पडून राहू शकत नाही. मूत्रवाहिनी आणि जांघेच्या संवेदना मज्जारज्जूत जवळजवळ एकाच ठिकाणी पोचतात, त्यामुळे खडा खाली सरकेल तशी कळ कुशीतून जांघेत, पुरुषांना अंडकोषापर्यंत जाते.

आता पाण्याचं. वावरातली पाइपलाइन पुढे चोंदली असताना मोटार जोरात चालवली तर कचरा निघेलच असं नाही, ताण मात्र सांध्यांवर येतो. इथेही तेच होतं: जास्त लघवी तयार झाली की ताण वाढतो, कळ वाढते, उलट्या होतात. बियरनंही लघवीच वाढते. कळ असताना तहानेपुरतं प्या. रोज 2 ते 2.5 लिटर लघवी होईल इतकं पाणी प्यायचं, ते पुढचा खडा होऊ नये म्हणून. मे महिन्यात वावरात राबणाऱ्याला त्यासाठी बरंच जास्त प्यावं लागतं.

रक्त येतं ते खडा नळीचं अस्तर खरवडतो म्हणून. कधी ते फक्त सूक्ष्मदर्शकातच दिसतं, आणि काहींना खडा असूनही येत नाही. त्यामुळे लघवी स्वच्छ झाली एवढ्यावरून काहीच ठरत नाही.

सगळ्यात घातक वाक्य कळ थांबण्याचं आहे. समजा, एखाद्याचा 7 मिलिमीटरचा खडा मूत्रवाहिनीच्या खालच्या टोकाशी अडकला. तिसऱ्या दिवशी कळ थांबली, तो कापूस वेचायला गेला. खडा मात्र तिथंच आहे. तुंबलेलं मूत्रपिंड हळूहळू लघवी कमी करतं, ताण उतरतो आणि दुखणं शमतं. असं कित्येक आठवडे राहिलं तर ते मूत्रपिंड कायमचं निकामी होऊ शकतं, तेही न दुखता. म्हणून लघवी पातळ कापडातून गाळा. खडा हाती आला तर डॉक्टरांना दाखवा. नाही आला, तर कळ नसली तरी सोनोग्राफी करा. खालच्या टोकाचा खडा सोनोग्राफीत दिसायचा राहू शकतो. शंका राहिली तर सिटी स्कॅन लागतो. 5 मिलिमीटरपर्यंतचे बहुतेक खडे 4 ते 6 आठवड्यांत आपोआप पडतात, 10 च्या वरचे क्वचितच.

कळेवर डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन चांगलं चालतं, पण मूत्रपिंडाचा जुना आजार, पोटात अल्सर किंवा गर्भ असेल तर आधी सांगा. कळेसोबत थंडी वाजून ताप आला, लघवी बंद झाली किंवा मूत्रपिंड एकच असेल, तर सकाळची वाट पाहू नका. तुंबलेल्या लघवीत जंतू वाढले की ते काही तासांत रक्तात पसरू शकतात. अशा वेळी 108 ला फोन करून जिल्हा रुग्णालय गाठा. तिथं नळी टाकून तुंबलेली लघवी मोकळी करावी लागते.