नऊशे सोळा रुपयांची एफडी

एफडीच्या पावतीवर मुदतपूर्तीची रक्कम छापलेली असते. मुदत संपली की खात्यात जमा होते ती तिची धाकटी बहीण. दोघींच्या चेहऱ्यात साम्य असतं, पण धाकटी अंगाने बारीक. ही कुठे वाळली, ते शोधायला मी कागद-पेन घेऊन बसतो.

समजा, दहा लाख रुपये, ७ टक्के, दोन वर्षं, व्याज मुदतीअखेर एकदम. व्याज दर तिमाहीला मुद्दलात मिळतं, म्हणून ७ ला ४ ने भागायचं: तिमाहीला पावणेदोन टक्के. अशा आठ तिमाह्या.

```
=1000000*(1+7%/4)^8
```

उत्तर ११,४८,८८२. पावतीवरही हेच. इथवर संसार सुखाचा.

आता टीडीएस येतो. २०२५-२६ मध्ये एका बँकेतलं वर्षाचं व्याज ५०,००० रुपयांच्या वर गेलं (ज्येष्ठ नागरिकांना एक लाख), की पॅन दिलेलं असल्यास १० टक्के कापतात. कापतात तेही सगळ्या व्याजावर, फक्त वरच्या तुकड्यावर नाही. शाखा बदलून उपयोग नाही. पॅन एकच, बेरीज एकच. आपल्या उदाहरणात वर्षाचं व्याज सत्तर हजारांच्या पुढे, त्यामुळे सुटका नाही.

पहिल्या तिमाहीचं व्याज १७,५००. त्यातले १,७५० सरकारजमा, मुद्दलात मिळाले १५,७५०. म्हणजे दर पावणेदोनचा नव्वद टक्केच उरला:

```
=1000000*(1+7%/4*0.9)^8
```

उत्तर ११,३३,१६९. फरक १५,७१३ रुपयांचा. बँकेत विचारलं तर "टीडीएस गेला" एवढंच उत्तर मिळतं, आणि काउंटरवरून पुढच्याला हाक जाते. पण दोन वर्षांचा टीडीएस आहे १४,७९७. उरलेले ९१६ कुठे गेले?

ते कुणी कापलेच नाहीत. ते जन्मालाच आले नाहीत. कापलेले १,७५० पुढच्या सात तिमाह्या मुद्दलात नव्हते, त्यामुळे त्यांना व्याज लागलं नाही. पुढच्या कपातींचंही तेच. १४,७९७ प्राप्तिकर खात्याच्या फॉर्ममध्ये दिसतात, त्या-त्या वर्षाच्या रिटर्नमध्ये करातून वजा होतात, जास्त असतील तर परत येतात. ९१६ ची नोंद कुठल्याच फॉर्ममध्ये नाही. जे झालंच नाही, त्याची नोंद कोण ठेवणार?

एकूण कर शून्य असेल तर टीडीएस कापू नका, असं सांगणारा फॉर्म बँकेत द्यावा; २०२५-२६ मध्ये तो 15G होता, साठी ओलांडलेल्यांना 15H. (15G ला व्याजाच्या रकमेचीही मर्यादा होती.) फॉर्म एप्रिलमध्येच द्यावा आणि दरवर्षी नव्याने द्यावा, मागच्या वर्षीचा फॉर्म बँकेच्या स्मरणात राहत नाही. कर लागत असेल तर टीडीएस बचत खात्यातून कापायची सोय आहे का, ते एफडी उघडतानाच विचारावं. काही बँका देतात. मग मुद्दल शाबूत राहतं आणि पावतीवरची रक्कम हातात पडते. फक्त तिमाहीअखेर बचत खात्यात पैसे हवेत. नसले, की बँकेचा हात पुन्हा एफडीकडे वळतो.