हिबा रजिस्टर झाला म्हणून वारसांचा हक्क संपला? नाही हो

ग्रुपवर हिब्याबद्दल, म्हणजे मुस्लिम कायद्यातल्या बक्षिसाबद्दल, फिरतंय ते असं: "मुसलमान माणूस जिवंत असेपर्यंत सगळी प्रॉपर्टी कुणालाही हिबा करू शकतो, मरणाच्या आदल्या दिवशी केला तरी चालतो. एक-तृतीयांशचा नियम फक्त वसीयतला, म्हणजे मृत्युपत्राला आहे. रजिस्टर केलं आणि मुलांच्या सह्या घेतल्या की नंतर कुणाला काही बोलता येत नाही."

पहिलं वाक्य अर्धं बरोबर आहे, म्हणूनच लोक फसतात. धडधाकट माणसाने सगळी मालमत्ता हिबा केली, ताबा दिला आणि दुसऱ्या दिवशी अपघातात गेला, तर तो हिबा पूर्ण टिकतो. पण ज्या आजारात माणूस गेला त्याच आजारात, आता आपण वाचत नाही हे मनात बसलेलं असताना केलेला हिबा वेगळा. त्याला मर्ज-उल-मौत म्हणतात. तिथे दोन्ही बाजूंच्या अटी लागतात, म्हणजे हिब्याच्या तिन्ही गोष्टी (देणाऱ्याने जाहीर करणं, घेणाऱ्याने स्वीकारणं, ताबा देणं) पाहिजेतच आणि वर वसीयतची एक-तृतीयांशची मर्यादाही लागते. ताबा न देताच माणूस गेला तर एक-तृतीयांशसुद्धा मिळत नाही, हिबाच पडला.

आता हिशोब बघा. समजा एका सुन्नी हनफी माणसाचं 40 लाखांचं घर आणि बँकेत 11 लाख. कफन-दफन आणि कर्ज मिळून 3 लाख गेले, उरले 48. मागे बायको, दोन मुलगे, एक मुलगी. शेवटच्या आजारात त्याने घर पुतण्याला हिबा केलं आणि ताबाही दिला. मुलगे असल्यामुळे पुतण्या वारस नाही, त्यामुळे त्याला 48 चा तिसरा हिस्सा म्हणजे 16 लाखांपर्यंतच मिळतं, घराचे पाचातले दोन भाग. बाकीच्या 32 लाखांत बायकोला आठवा हिस्सा म्हणजे 4, मुलग्यांना 11.2-11.2 आणि मुलीला 5.6.

आणि तेच घर धाकट्या मुलाला दिलं असतं तर? तो वारस आहे, म्हणून बाकीच्या वारसांनी संमती दिल्याशिवाय त्याला हिब्याने काहीच नाही, एक-तृतीयांशही नाही. पूर्ण 48 ची वाटणी होणार, बायकोला 6, मुलग्यांना 16.8 प्रत्येकी, मुलीला 8.4. फक्त आईने संमती दिली तर आईचाच हिस्सा त्याच्याकडे जातो, बहिणीचा जात नाही. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते कारण असे हिबे बहुतेक वेळा मुलींना बाजूला ठेवायलाच होतात.

आता त्या सह्यांचं. आमच्या नात्यात मी डोळ्यांनी बघितलंय, आत चाचांना ऑक्सिजन लावलेला आणि बाहेर बाकड्यावर त्यांच्या मुलीसमोर स्टॅम्प पेपर, "बेटा सही कर दे, अब्बा को सुकून मिलेगा", आणि तिने रडत रडत केली. नंतर दोन वर्षं ती हेच धरून बसली की माझा हक्क गेला. गेला नव्हता! वारसांची संमती मृत्यूनंतरची लागते, बाप जिवंत असताना ती वारसच नसते, तेव्हा ती सोडणार काय?

रजिस्ट्रेशनने हे काही बदलत नाही. मुस्लिम हिब्याला ते मुळात सक्तीचंच नाही, सुप्रीम कोर्टाने 2011 मध्ये हफीजा बीबीच्या केसमध्ये तेच सांगितलं. रजिस्टर झाल्याने दस्त झाला एवढं कळतं, माणूस तेव्हा कोणत्या अवस्थेत होता त्याचा निकाल त्यातून लागत नाही.

पण उलट्या बाजूने पण उड्या मारू नका. म्हातारपण म्हणजे मर्ज-उल-मौत नाही. लकवा किंवा क्षयासारखं दुखणं वर्षभराहून जास्त चाललं आणि माणूस त्यात रुळला तर साधारणपणे ते धरत नाहीत, मात्र मध्येच ते एकदम बळावलं तर धरू शकतात, एक वर्ष ही पक्की रेष नाही. कोर्ट मुख्यतः तीन गोष्टी बघतं: मरण येण्याची शक्यता वाचण्यापेक्षा जास्त होती का, त्याला स्वतःला तसं वाटत होतं का, आणि रोजची कामं, दुकान, नमाजला जाणं बंद झालं होतं का. त्यामुळे हिब्याच्या तारखेच्या आसपासचे केसपेपर, आयसीयूच्या नोंदी, दस्तासाठी अधिकारी घरी किंवा हॉस्पिटलात आले होते का, हे आधी गोळा करा. आणि माणूस त्या आजारातून उठला तर विषयच संपला, हिबा पूर्ण लागू.

इस्ना अशरी शियांमध्ये फरक आहे, तिथे वारसालाही एक-तृतीयांशपर्यंत बाकीच्यांच्या संमतीशिवाय देता येतं. म्हणून वकिलाकडे गेलात की घराणं कोणत्या फिकहचं ते आधी सांगा.